'हो, चालेल' म्हणजे नेमकं काय चालेल? एका पुस्तकातल्या तीन परवानग्या

पार्श्वभूमी

हे प्रकरण माझ्या स्वतःच्या कामातलं आहे. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदललेत, पण घटनांचा क्रम आणि पत्रातला मजकूर जवळजवळ होता तसाच ठेवलाय.

मी एका छोट्या प्रकाशनात निर्मितीचं काम बघते, म्हणजे हस्तलिखित आल्यापासून फाइल छापखान्यात जाईपर्यंत मधे जे जे काही लटकतं ते सगळं माझ्या टेबलावर. पुस्तक होतं मधमाश्यांवर, १४४ पानांचं, पहिली आवृत्ती १५०० प्रतींची, सोबत ईबुक. लेखिका कीटकांच्या अभ्यासक, आणि ३१ चित्रांपैकी २९ त्यांची स्वतःची, त्यामुळे परवानग्यांचं काम म्हणजे अर्ध्या दिवसाचं असं मी धरून चालले होते. बाहेरचं फक्त तीन ठिकाणी होतं. एक फोटो, ज्यात एक मधमाशीपालक बाई मधपेटीतली फ्रेम उन्हाकडे धरून बघतायत. एक अवतरण, लेखिकेला एका निवृत्त संशोधकांनी मेलमधून लिहिलेली चारेक वाक्यं. आणि एक आलेख, एका जर्नलमधल्या पेपरातला.

लेखिकेने परवानग्यांचा तक्ता स्वतःच भरून पाठवला होता आणि तिन्ही ओळींसमोर 'मिळाली' असं लिहिलेलं. फाइल छापखान्यात जायची तारीख २८ ऑगस्ट. २१ जुलैला डिझायनरने मुखपृष्ठ पाठवलं, फ्रेमवाला फोटो अख्ख्या कव्हरभर, आणि खाली एक ओळ, 'फोटो फाटतोय, मोठी फाइल मागवा'.

इथून सगळं सुरू झालं. फोटो लेखिकेने फोटोग्राफरच्या वेबसाइटवरून उतरवलेला, १२०० पिक्सेल रुंद. छपाईला आपण इंचाला ३०० पिक्सेल धरतो, म्हणजे तो फोटो चार इंचांपर्यंत, साधारण १० सेंटिमीटरपर्यंत नीट छापता येतो. कव्हर १४ सेंटिमीटर रुंद, शिवाय कटिंगसाठी दोन्ही बाजूंना तीन-तीन मिलिमीटर जास्त सोडायचे. तेव्हा फोटो फाटणारच होता. मोठी फाइल मागायची तर फोटोग्राफरला मेल करावा लागणार, आणि मेल करायचा तर आधी काय बोलणं झालंय ते बघावं म्हणून मी लेखिकेकडून जुना मेल मागवला.

अडचण

जुना मेल असा होता, अख्खा:

"नमस्कार, मी मधमाश्यांवर एक पुस्तक लिहितेय. तुमचा फ्रेम धरलेल्या बाईंचा फोटो फार आवडला. पुस्तकात वापरला तर चालेल का? तुमचं नाव देऊच."

आणि उत्तर, त्याच संध्याकाळी: "हो, चालेल. आनंद वाटला."

दोघांनीही मनापासून लिहिलंय, कोणाचीच लबाडी नाही. पण मी तो मेल फोटोग्राफरच्या जागी बसून पुन्हा वाचला तेव्हा लक्षात आलं की त्यांना काहीच माहीत नाही. कुठलं पुस्तक, कोण छापतंय, विकायचं आहे की फुकट वाटायचं आहे, आत एका कोपऱ्यात की कव्हरवर, ईबुक आहे की नाही, फोटो कापणार का, त्यावर शीर्षकाची अक्षरं येणार का. त्यांनी 'हो' म्हटलं ते त्यांच्या डोक्यातल्या पुस्तकाला, आणि त्यांच्या डोक्यात कुठलं पुस्तक होतं ते आपल्याला कुठे माहितीय. (नंतर कळलं, त्यांना वाटलेलं लेखिका विद्यार्थ्यांसाठी एखादी पुस्तिका काढतायत.)

बाकी दोन 'मिळाली' पण उघडून बघितले. संशोधकांच्या अवतरणासमोर लेखिकेचं म्हणणं, मेल मलाच आलाय, त्यामुळे तो माझाच. आलेखासमोर म्हणणं, पेपरच्या लेखकांशी कॉन्फरन्समध्ये बोलणं झालंय, ते खुशाल वापरा म्हणाले.

म्हणजे तीन परवानग्यांपैकी एक अपुरी, एक मागितलीच नव्हती आणि एक चुकीच्या माणसाने दिलेली. आणि हातात पाच आठवडे.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय सगळ्यात सोपा, आहे त्या 'हो'वर पुढे जायचं. डिझायनरचं आणि आमच्या एका सहकाऱ्याचं हेच मत होतं, लेखी होकार आहे ना, मग कशाला उकरून काढायचं. हे मत अगदीच उडवून लावण्यासारखं नाही, कारण होकार खरोखरच लेखी होता. पण काय कशासाठी वापरायचं हेच जिथे लिहिलेलं नाही तिथे वाद झाला की अर्थ अरुंदच लावला जातो, आणि लावायलाही तसाच हवा. 'पुस्तकात वापरू का' याचा कव्हर असा अर्थ फोटोग्राफरने का काढावा?

दुसरा पर्याय, त्यांना काही न सांगता कव्हर बदलायचं आणि फोटो आत छोटा वापरायचा. मूळ मेलच्या हिशेबाने हे बऱ्यापैकी सुरक्षित. पण ईबुकचा प्रश्न तसाच राहतो, आणि फोटोतल्या बाईंचाही.

तिसरा, दुसरीकडून फोटो शोधायचा. मी तासभर शोधला. एक चांगला सापडला पण त्यावर CC BY-NC हा खुल्या वापराचा परवाना होता, त्यातलं NC म्हणजे व्यावसायिक वापर नाही, आणि आमचं पुस्तक विक्रीचं. "आम्ही नफा कुठे कमावतो" असं म्हणून लोक हे ओलांडतात, मी ओलांडत नाही, विकत देणार तर विचारायलाच हवं.

चौथा, नव्याने नीट पत्र लिहायचं, त्यात आधीचा होकारही मागे घेतला जाण्याचा धोका पत्करून. आम्ही हा घेतला. कारण फार काही उदात्त नव्हतं, मोठी फाइल त्यांच्याकडेच होती, त्यामुळे गप्प राहणं शक्यच नव्हतं. १२०० पिक्सेलची फाइल पुरली असती तर मी काय केलं असतं याची मला आजही खात्री नाही.

तारीख कशी काढली

पत्रात 'लवकर कळवा' लिहून काही होत नाही, तारीख लागते, आणि ती उलटं मोजत यावी लागते. २८ ऑगस्टला फाइल जाणार. २१ ला शेवटचं प्रूफ बंद, त्यानंतर चित्र बदलायचं नाही. फोटो नाही मिळाला तर दुसरं कव्हर करायला डिझायनर आणि लेखिका मिळून एक आठवडा, म्हणजे १४ तारखेला मला पक्कं माहीत हवं. त्याआधी एक आठवण पाठवून तिच्या उत्तराची वाट बघायला दहा दिवस. म्हणून उत्तराची तारीख आली ४ ऑगस्ट. पत्र गेलं २३ जुलैला, म्हणजे त्यांना बारा दिवस मिळाले.

माझ्या अनुभवात दोन आठवड्यांच्या आसपास ठीक पडतं. तीन दिवस दिले तर समोरच्याला आपण गळ्याशी आल्यावर आठवण काढली असं वाटतं (आणि ते खरंच असतं), दोन महिने दिले तर मेल खाली जातो आणि परत वर येत नाही. आणि तारखेचं कारण लिहिलं की फरक पडतो, 'कारण २१ ला प्रूफ बंद होतंय' एवढं वाक्य जोडलं तरी ती तारीख हुकूम वाटत नाही.

पत्र

हे फोटोग्राफरला गेलेलं पत्र, नावं काढून:

"विषय: मधमाश्यांवरील पुस्तकासाठी आपल्या फोटोची परवानगी, ४ ऑगस्टपर्यंत उत्तराची विनंती

नमस्कार,

मे महिन्यात आमच्या लेखिकेने आपल्याला एका फोटोबद्दल विचारलं होतं आणि आपण होकार दिला होता, त्याबद्दल आभार. त्या मेलमध्ये पुस्तकाचे तपशील नव्हते, ते आता कळवतो आणि नव्याने परवानगी मागतो. आधीचा होकार आम्ही गृहीत धरलेला नाही.

फोटो: फ्रेम धरलेल्या मधमाशीपालक बाई. छोटी प्रत सोबत जोडली आहे, आपल्या साइटवरची लिंक खाली आहे.

पुस्तक: सामान्य वाचकांसाठी, १४४ पानं, विक्रीसाठी. छापील १५०० प्रती आणि ईबुक. सप्टेंबरमध्ये प्रकाशित होईल.

आपली परवानगी तीन गोष्टींसाठी हवी आहे आणि प्रत्येकीला वेगळं हो किंवा नाही म्हणता येईल:
अ) मुखपृष्ठावर, पूर्ण पान. डावी बाजू थोडी कापली जाईल, वरच्या भागावर शीर्षक येईल. नमुना जोडला आहे.
आ) आतल्या एका पानावर, जास्तीत जास्त अर्धं पान, न कापता.
इ) वरीलपैकी जे मान्य असेल ते ईबुकमध्येही.

परवानगी याच भाषेतल्या या आवृत्तीपुरती आणि तिच्या जशाच्या तशा पुनर्मुद्रणापुरती. अनुवाद, जाहिरात किंवा इतर कशासाठी वापरायचा झाला तर पुन्हा विचारू. फोटोचे हक्क आपलेच राहतील.

श्रेय: 'फोटो: (आपलं नाव)', कव्हरचं श्रेय हक्कपानावर आणि आतल्या फोटोचं फोटोखाली. नाव कसं लिहायचं ते कृपया टाइप करून कळवा.

मोबदला: आमच्याकडे ठरलेली छोटी रक्कम आहे, आपली अपेक्षा वेगळी असेल तर सांगा. पुस्तकाच्या दोन प्रती पाठवू.

दोन प्रश्न: या फोटोचे हक्क पूर्णपणे आपल्याकडे आहेत ना, की कोणाला दिले आहेत? आणि फोटोतल्या बाईंची पुस्तकासाठी संमती आहे का? नसेल तर त्यांच्यापर्यंत कसं पोचता येईल?

उत्तर ४ ऑगस्टपर्यंत मिळालं तर बरं, कारण २१ ऑगस्टला प्रूफ बंद होतं. १४ ऑगस्टपर्यंत काहीच कळलं नाही तर आम्ही फोटो वापरणार नाही. 'अ नाही, आ आणि इ हो' एवढं लिहिलंत तरी पुरे."

यातली अ, आ, इ ची फोड हीच मला सगळ्यात कामाची वाटते. सगळं एका प्रश्नात बांधलं की ज्याला एकच गोष्ट खटकतेय तो सगळ्यालाच नाही म्हणतो, किंवा विचार करतो म्हणून बाजूला ठेवतो आणि मग ठेवूनच देतो. आणि कव्हरचा नमुना जोडला होता, कारण 'वर शीर्षक येईल' हे वाचणं वेगळं आणि स्वतःच्या फोटोवर जाड पिवळी अक्षरं बघणं वेगळं.

'न कापता' हेही मुद्दाम. फोटो कापणं, रंग बदलणं, उलटा करणं या गोष्टी बऱ्याच फोटोग्राफरना नाव न देण्याइतक्याच लागतात, आणि बऱ्याच देशांत कृतीची मोडतोड होऊ न देण्याचा हक्क कर्त्याकडेच राहतो.

काय घडलं: फोटो

उत्तर दोन दिवसांत आलं. आ आणि इ हो, अ नाही. त्याच फोटोचा मुखपृष्ठ आणि कॅलेंडरसाठीचा हक्क त्यांनी वर्षअखेरपर्यंत दुसऱ्या कोणाला तरी दिलेला होता. मे महिन्यातला मेल वाचून त्यांना कव्हर सुचलंच नाही, म्हणून बोलले नाहीत. आम्ही तसंच छापलं असतं तर त्यांचा करार मोडला असता आणि तो आमच्यामुळे मोडला असता.

कव्हरला मग लेखिकेचाच एक फोटो लागला, फुलावर बसलेली माशी, जरा नेहमीचाच, पण आपला. डिझायनर दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

फोटोतल्या बाईंची मात्र संमती नव्हती. म्हणजे फोटो काढताना 'साइटवर टाकू का' असं विचारलं होतं आणि त्या हो म्हणाल्या होत्या. पण साइटवर टाकणं आणि विक्रीच्या पुस्तकात छापणं एक नाही. फोटोचा हक्क काढणाऱ्याचा, चेहरा ज्याचा त्याचा, आणि एकाची परवानगी घेतली म्हणून दुसऱ्याची आपोआप मिळत नाही. कुठल्या देशात कधी लागते याचे नियम वेगवेगळे आहेत, पण एकटाच माणूस फोटोचा मुख्य विषय असेल तर आम्ही विचारतोच.

फोटोग्राफरने बाईंना विचारून त्यांचा नंबर दिला. मी फोन केला, पुस्तक काय आहे, फोटो कुठे येईल, विक्रीचं आहे, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "फोटो काढला त्यांचं नाव येणार, आणि माझं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. कॅप्शन होती 'पेटीतली फ्रेम तपासणारी मधमाशीपालक'. आम्ही परवानगीचं पत्र इतकं बारीक लिहिलं, श्रेय कुठे, कसं, कोणत्या पानावर, पण ज्या बाईंमुळे तो फोटो आहे त्यांना श्रेय द्यायचं असतं हे आमच्यापैकी कोणालाच सुचलं नव्हतं. खरं म्हणजे मी उलटंच गृहीत धरलं होतं की त्यांना नाव नको असेल, नाव लपवणं म्हणजे काळजी घेणं असं काहीतरी. कॅप्शनमध्ये त्यांचं नाव आणि त्या किती वर्षं मधमाश्या पाळतायत ते घालायचं ठरलं. त्यांचा होकार फोनवरचा होता म्हणून लगेच मोबाइलवर मेसेज पाठवला, बोलण्यात जे ठरलं ते चार ओळींत, आणि 'बरोबर असेल तर हो लिहा'. त्यांनी हो लिहिलं. तो मेसेज फाइलमध्ये लावला.

काय घडलं: अवतरण

इथे चूक माझी आहे, आणि ती सांगायला जरा लाज वाटते.

लेखिकेला मी समजावलं होतं की आलेलं पत्र किंवा मेल आपल्याकडे असतो, पण त्यातले शब्द लिहिणाऱ्याचे असतात. प्रकाशित पुस्तकातून दोन-चार वाक्यं उद्धृत करणं ही वेगळी गोष्ट, त्याला कॉपीराइटबद्दलच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारातच जागा आहे, मूळ आणि लेखकाचं नाव देऊन, कामापुरतं. पण ती सवलत आधीच लोकांसमोर आलेल्या लिखाणासाठी आहे. खासगी मेल लोकांसमोर आलेलाच नसतो. शिवाय खासगीत माणूस मोकळा लिहितो, हे कायद्याच्याही आधीचं.

तेव्हा संशोधकांना मेल केला, हवी ती चार वाक्यं जशीच्या तशी, आणि ती पुस्तकात जिथे येणार तो अख्खा परिच्छेदही. कारण वाक्य तेच असलं तरी त्याच्या आधी 'अमुक लोक चुकीचं सांगतात' असं असेल तर ते वाक्य भांडायला उभं राहतं.

उत्तर आलं नाही. ४ तारीख गेली. आठवण पाठवताना मी घाईत होते, आणि कुठून तरी उचललेलं एक वाक्य टाकलं, '१२ ऑगस्टपर्यंत उत्तर न आल्यास आपली संमती आहे असे गृहीत धरू'.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन. आवाज शांत होता पण शब्द शांत नव्हते. ते आजारी होते, मेल बघत नव्हते, मुलीने दाखवला. म्हणाले, "मी महिनाभर मेल उघडला नसता तर तुम्ही माझ्या नावावर छापून मोकळे झाला असता, असंच ना?" मी माफी मागितली. बचावाला काही नव्हतंच, कारण गप्प राहणं म्हणजे होकार हे आपण एकट्याने ठरवू शकत नाही, मेल पोचला की नाही हेसुद्धा आपल्याला माहीत नसतं. गंमत म्हणजे फोटोग्राफरच्या पत्रात मी नेमकं उलटं लिहिलं होतं, कळलं नाही तर वापरणार नाही. तेच वाक्य इथे टाकायचं तर तारीख गळ्याशी आलेली, आणि घाईत माणूस स्वतःला सोयीचं लिहितो.

राग ओसरल्यावर त्यांनी परिच्छेद मागवून पुन्हा ऐकला आणि एक शब्द बदलला. मूळ मेलमध्ये त्यांनी 'सगळ्या प्रजाती' लिहिलं होतं, आता म्हणाले 'बऱ्याच प्रजाती' करा, तेव्हा मी सैल लिहिलं होतं. म्हणजे विचारलं नसतं तर त्यांच्या नावावर एक चुकीचं शास्त्रीय विधान छापून गेलं असतं. बदल झाल्यावर अवतरणाखाली 'लेखिकेशी खासगी पत्रव्यवहार, संमतीने' एवढंच लिहिलं. फोनवरचं बोलणं मेलने लिहून पाठवलं, मुलीने त्यांच्या वतीने 'बरोबर आहे' असं उत्तर दिलं.

काय घडलं: आलेख

पेपरच्या लेखकांनी 'खुशाल वापरा' म्हटलं ते मनापासूनच, पण पेपरच्या पहिल्या पानाखाली हक्क प्रकाशकाचा लिहिलेला. अनेक जर्नल्समध्ये पेपर छापताना लेखक हक्क प्रकाशकाकडे सोपवतात, आणि नंतर स्वतःच्याच आलेखाची परवानगी ते दुसऱ्याला देऊ शकत नाहीत, हे त्यांनाही पुष्कळदा आठवत नाही. जर्नलच्या साइटवर पेपरजवळ "Request Permissions" असं बटण असतं, तिथे कशासाठी, किती प्रती, छापील की ईबुक, भाषा असं सगळं भरायचं, मग रक्कम दाखवतात. दाखवली. आमच्या तरतुदीच्या बाहेर होती.

मग मी पेपरच्या शेवटी बघितलं, डेटा कुठे ठेवलाय त्याची एक ओळ असते. डेटा एका सार्वजनिक साठ्यात होता, CC BY 4.0 खाली. म्हणजे श्रेय नीट दिलं तर विक्रीच्या पुस्तकातही वापरता येतो, बदलूनही, वेगळी परवानगी न मागता. तेव्हा त्यांचा आलेख न घेता त्या आकड्यांवरून आमचा आलेख काढायचा ठरला. आलेखाची त्यांची मांडणी, रंग, खुणा ट्रेस करायच्या नाहीत, आपण आपला काढायचा. खाली डेटा कोणाचा, कुठून घेतला, कोणता परवाना, आणि 'निवडक वर्षांचे आकडे घेऊन नव्याने काढलेला आलेख' हे लिहायचं, कारण या परवान्यात बदल केला असेल तर तसं सांगावं लागतं.

परवानगी लागत नव्हती तरी लेखकांना एक मेल टाकला, नवा आलेख जोडून. सहकारी म्हणाला, आता कशाला? पण त्या मेलमुळे कळलं की साठ्यात दुसरी आवृत्ती आलीये, पहिलीत दोन वर्षांचे आकडे एकमेकांच्या जागी पडले होते. आम्ही पहिलीच उतरवली होती. आलेख पुन्हा काढला, श्रेयात आवृत्ती क्रमांक घातला.

निष्पत्ती

फाइल २८ ऑगस्टलाच गेली. फोटो आत अर्ध्या पानावर, दोन नावांसह, अवतरण एका बदललेल्या शब्दासह, आलेख नवा. कव्हर ठरलं होतं त्यापेक्षा साधं झालं. फोटोग्राफरने मोबदला घेतला नाही, दोनऐवजी तीन प्रती मागितल्या, एक त्या बाईंसाठी.

वर्षभराने अनुवादाची विचारणा आली. परवानगी याच भाषेपुरती घेतली असल्यामुळे फोटोसाठी पुन्हा विचारावं लागलं, ते दोन मेलांत झालं कारण जुनं पत्र समोर होतं, काय दिलं काय नाही हे दोघांनाही शोधावं लागलं नाही. सगळे हक्क एकदाच मागून ठेवायला हवे होते, असं आमच्याकडे काही जण म्हणाले. मला नाही पटत. 'सर्व भाषा, सर्व माध्यमं, कायमस्वरूपी' असं पत्र मला कोणी पाठवलं असतं तर मी ते वकिलाकडे नेलं असतं आणि ऑगस्ट तिथेच संपला असता. पण ईबुक न विचारणं हा दुसऱ्या टोकाचा मूर्खपणा, जे नक्की होणार आहे ते सगळं पहिल्याच पत्रात यायला हवं.

आता वेगळं काय करते

लेखकाकडून आलेल्या तक्त्यात 'मिळाली' हा शब्द आता चालवून घेत नाही. त्या रकान्यात होकाराचा मूळ मेल जोडायचा, आणि शेजारी लिहायचं, हक्क कोणाचा, हो कोण म्हणालं, कशाला म्हणालं, श्रेयाचे नेमके शब्द काय. 'हक्क कोणाचा' आणि 'हो कोण म्हणालं' इथे वेगवेगळी नावं आली की थांबायचं. आमच्या या प्रकरणात आलेख तिथेच पकडला गेला असता.

पत्रं हस्तलिखित आल्याच्या आठवड्यातच जातात, कव्हर डिझाइन होण्याच्या आधी, आणि कव्हरसाठी विचारात असलेला प्रत्येक फोटो वेगळा विचारला जातो. डिझायनरकडे परवानगी नसलेलं चित्र नमुना म्हणूनसुद्धा देत नाही, कारण एकदा लेआउटमध्ये बसलेलं चित्र काढणं सगळ्यांनाच जड जातं, आणि मग लोक 'हो, चालेल'मध्ये कव्हर वाचायला लागतात.

आठवणीच्या मेलचा मजकूर पहिल्या पत्रासोबतच लिहून ठेवते, डोकं थंड असताना. त्यात गृहीत धरू वगैरे काही नाही. दोन आठवणी झाल्या की तो भाग काढायचा किंवा बदलायचा, आणि बदली काय ते आधीच ठरलेलं असतं.

आणि एक राहिलंच. त्या बाईंचं नाव मी फोनवर ऐकून लिहिलं होतं. फोटोग्राफरचं नाव त्यांच्याकडून टाइप करून मागितलं होतं, बाईंचं बाईंकडून नाही, आणि कॅप्शनचं प्रूफही त्यांना पाठवलं नाही. पुस्तक पोचल्यावर त्यांचा फोन आला, आडनावात एक वेलांटी चुकली होती. ईबुकमध्ये त्याच दिवशी दुरुस्त केली. छापील १५०० मात्र तशाच गेल्या.